लेख शेवटपर्यंत वाचतात, पण पुढे काहीच करत नाहीत: शेवटच्या चार ओळींची दुरुस्ती

ही तक्रार माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येते, फक्त गिऱ्हाईक बदलतं. लेख चाललाय, लोक वाचतायत, ग्रुपवर फिरवतायत, पण खाली दिलेल्या नंबरवर कुणी फोन करत नाही. मग मालकांच्या सूचना सुरू होतात: नंबर मोठा करा, बटण लाल करा, सूट टाका, ‘आजच’ हा शब्द दोनदा येऊ द्या. मीसुद्धा बरीच वर्षं हेच करत आले. नाशिकमध्ये बसून छोट्या व्यवसायांसाठी मजकूर लिहिणं हा माझा धंदा, आणि शेवटचं आवाहन, ज्याला आम्ही आपसात सीटीए म्हणतो, ते सगळ्यात शेवटी, सगळ्यात घाईत लिहायची मला सवय होती.

बागांची माती, पाणी आणि पानांचे देठ तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेसाठी लिहिताना मात्र हा बिघाड उघडून बघावाच लागला. त्यातल्या एकाच लेखावर सगळं सांगते.

लेखाचा विषय होता द्राक्षाच्या पानांच्या करपणाऱ्या कडा. एप्रिलची खरड छाटणी झाली, नवी फूट वाढली, आणि मे महिन्यात ऊन तापलं, बोअरचं पाणी खाली गेलं की निफाड-दिंडोरीकडच्या कितीतरी बागांत पानांच्या कडा तपकिरी पडायला लागतात. लेखात मी तीन मुख्य कारणं सांगितली होती: पाण्यातले किंवा मातीतले क्षार, पालाशची कमतरता आणि फवारणीचा चटका. कोणत्या कारणात पान कसं दिसतं, तेही लिहिलं होतं. मजकूर प्रयोगशाळेतल्या माणसांनी तपासून दिला होता, त्यामुळे माहितीत खोट नव्हती. शेवट असा होता:

> आता उशीर नको! आजच आमच्या प्रयोगशाळेत संपूर्ण तपासणी पॅकेज बुक करा आणि मिळवा २० टक्के सूट. ऑफर मर्यादित काळासाठी. आत्ताच कॉल करा.

मे संपला तरी या लेखावरून एकही बुकिंग आलं नाही. प्रयोगशाळेच्या मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते म्हणाले, “ताई, लोक फुकटचं ज्ञान घेऊन जातात आणि गोळी मात्र दुकानातून आणतात. सूट तीस टक्के करा.”

आधी बिघाड तिथेच आहे का ते बघा

शेवटची ओळ बदलण्याआधी तीन गोष्टी तपासते. त्यातल्या दोन अर्ध्या तासात होतात.

पहिली, दुवा चालतो का. हसू नका; स्वतःच्या मोबाइलवरून, वायफाय बंद करून, खरोखर बोट लावून बघा. व्हॉट्सॲपच्या दुव्यात नंबर देशाच्या कोडसह लागतो, पण त्यात अधिकचं चिन्ह, सुरुवातीचा शून्य, कंस किंवा मधली आडवी रेघ चालत नाही. आमच्या दुव्यात कुणीतरी ९१ च्या पुढे शून्य ठेवलं होतं. नीट दुवा असा दिसतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Pane%20karapli%20photo%20pathavto
```

मधलं `%20` म्हणजे मोकळी जागा. `text=` नंतरचा मजकूर वाचकाच्या चॅटमध्ये आपोआप लिहून येतो, त्याला फक्त पाठवायचं असतं. या तयार वाक्याकडे पुढे परत यायचं आहे.

दुसरी, लोक खालपर्यंत पोचतात का. गूगल ॲनालिटिक्समध्ये `Enhanced measurement` ही वाढीव मोजणी चालू असेल तर पानाचा ९० टक्के भाग सरकवला की `scroll` नावाची नोंद होते. पण ही टक्केवारी पूर्ण पानाची असते. लेखाखाली मोठा तळपट्टा, फोटोंची रांग आणि ‘हेही वाचा’ असेल, तर लेख पूर्ण वाचलेला माणूसही ९० टक्क्यांपर्यंत पोचत नाही आणि तुम्हाला वाटतं मधूनच पळाला. उलट, लोक खरोखरच मधून जात असतील तर दोष लेखाच्या पोटात आहे, शेवटची ओळ कितीही घासली तरी फरक पडणार नाही.

याच ठिकाणी आणखी एक खड्डा आहे. फोन नंबरच्या दुव्यावर बोट लागलं तर ते या आपोआप मोजणीत येत नाही. दुसऱ्या साइटवर नेणारा दुवा असला तरच `click` ची नोंद होते. म्हणजे ‘कुणीच फोनचं बटण दाबत नाही’ हा निष्कर्ष निव्वळ मोजमाप नसल्यामुळेही निघू शकतो. आमच्या बाबतीत फोनची वहीच सांगत होती की फोन आले नाहीत, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

दुवा दुरुस्त केला, महिनाभर वाट पाहिली. लोक खालपर्यंत येत होते. तरी शांतताच.

वाचक कुठून आला, ते त्याच्याच शब्दांत

तिसरी तपासणी वेळ खाते, पण बिघाड बहुतेक वेळा इथेच सापडतो. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये `Performance` अहवाल उघडायचा, `Pages` मधून तो एक लेख निवडायचा आणि मग `Queries` वर जायचं. या लेखापर्यंत लोक काय टाइप करून आले, त्याची यादी समोर येते. फार तुरळक शोध गूगल दाखवत नाही, पण वारंवार येणारे दिसतात आणि आपल्याला तेवढे पुरतात. मराठी शोध देवनागरीत आणि रोमनमध्ये असे दोन्हीकडे विखुरलेले असतात, म्हणून दोन्ही वाचा.

मी ती यादी कागदावर उतरवली आणि प्रत्येकापुढे लिहिलं, हा माणूस या क्षणी काय शोधतोय. जवळजवळ सगळे शोध ‘पान का करपतं’, ‘कडा तपकिरी’, ‘draksha pan karapne upay’ अशा वळणाचे होते. प्रयोगशाळेचं नाव, तपासणीचा दर, पत्ता, यातलं काहीही नव्हतं. ‘तपासणी’ हा शब्दच जवळपास नव्हता.

अमेरिकेतले जाहिरात लेखक यूजीन श्वार्ट्झ यांनी १९६६ मध्ये गिऱ्हाइकाच्या जाणिवेच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या. समस्या आहे हेच माहीत नसलेला, समस्या कळलेला पण उपाय न कळलेला, उपायाचा प्रकार कळलेला, तुमची वस्तू माहीत असलेला, आणि फक्त ‘कितीला, कधी’ एवढंच विचारायचं उरलेला. मी पाचही पायऱ्या घेऊन बसत नाही. माझ्या कामाला तीन पुरतात. हा माणूस अजून दुखणं ओळखतोय, की उपायांची तुलना करतोय, की निवड करून पत्ता शोधतोय?

आमचा करपलेल्या पानांचा वाचक स्वच्छ पहिल्या पायरीवर होता. आणि आम्ही त्याच्याशी तिसऱ्या पायरीवरच्या माणसासारखे बोलत होतो. ज्याला अजून आजाराचं नाव माहीत नाही, त्याला आम्ही ‘संपूर्ण पॅकेज’ विकत होतो. त्या पॅकेजमध्ये माती, पाणी आणि देठ असं सगळं होतं. त्यातलं आपल्याला काय हवं हेच त्याला ठरवता येत नव्हतं. त्याला सूट देऊन उपयोग काय? नको असलेली वस्तू स्वस्त झाली म्हणून कुणी घेत नाही.

इथे एक मराठी शब्द फार फसवतो: ‘उपाय’. इंग्रजीतून जाहिरातलेखन शिकून आलेले लोक यादीत ‘उपाय’ दिसला की खूश होतात, हा वाचक दुसऱ्या पायरीवर आला म्हणतात. बागायतदार ‘उपाय’ टाइप करतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा ‘कोणतं औषध मारू’ एवढंच विचारायचं असतं. त्याच्या मनात उपाय म्हणजे फवारणी. तपासणी हा एक उपाय असू शकतो, हे त्याच्या डोक्यात अजून आलेलंच नाही. म्हणून ‘उपाय’ लिहिणारा आमच्यासाठी पहिल्याच पायरीवरचा.

खात्री करायला मी पिंपळगाव बसवंतच्या एका ओळखीच्या बागायतदार काकांना लेख पाठवला आणि वाचून झाल्यावर फोन केला. त्यांनी सगळा वाचला होता. “माहिती चांगली आहे गं,” ते म्हणाले, “पण मी अजून बघतोय काय झालंय ते, आणि तुम्ही लगेच पावतीपुस्तक काढलं.”

पावतीपुस्तक हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलाय.

उद्या सकाळी हा माणूस काय करणार?

आता दुरुस्ती. मी एकच प्रश्न विचारते: लेख वाचून मोबाइल खिशात टाकल्यावर हा माणूस तसाही पुढे काय करणार आहे? आमचा वाचक रात्री साडेनऊला अंथरुणात वाचतो आणि सकाळी सहाला बागेत जातो. आवाहन त्याच्या बागेतल्या त्या फेरीत बसलं पाहिजे. त्याने आपल्याकडे यावं ही आपली गरज आहे. त्याची गरज त्या वेली बघण्याची आहे.

पहिला खर्डा मी असा केला:

> अधिक माहितीसाठी आम्हाला संपर्क करा.

हे आक्रमक नाही, पण हे आवाहनच नाही. अधिक म्हणजे कसली माहिती? एवढा लेख वाचून झाल्यावर आणखी माहिती कुणाला हवी असते? विक्रीचा जोर काढून टाकला की बरेच लेखक या वाक्यावर येऊन थांबतात, मीही थांबले होते. जोर कमी झाला, पायरी मात्र जुळली नाही.

दुसरा खर्डा:

> तुमच्या बागेतही अशी पानं दिसतायत का? फोटो पाठवा, आम्ही कारण सांगतो.

हा बरा वाटला. अण्णांनी मात्र वाचताक्षणी नकार दिला, आणि ते बरोबर होते. क्षारांमुळे कडा करपतात तेव्हा आधी जुनी पानं जातात. पालाश कमी पडल्यावरही सहसा जुन्याच पानांपासून सुरुवात होते. नुसत्या फोटोवरून या दोघांत फरक सांगणं प्रामाणिकपणाचं नाही. फवारणीचा चटका मात्र बराचसा ओळखता येतो: तो फवारणीनंतर एक-दोन दिवसांत अचानक दिसतो, कोवळी-जुनी पानं बघत नाही, आणि कडांशिवाय थेंब बसले तिथेही डाग पडतात. म्हणजे फोटोवरून एक कारण वगळता येतं, उरलेल्या दोघांचा निवाडा होत नाही. जे आपण देऊ शकत नाही ते आवाहनात कबूल केलं तर पुढचा प्रत्येक संवाद माफी मागत सुरू होतो.

पण या नकारातूनच नेमकं आवाहन सापडलं. लेख जिथे प्रामाणिकपणे थांबतो, तिथून पुढचं पहिलं पाऊल कोणतं? वाचकाने आधी फवारणीचा चटका वगळायचा. तो वगळला गेला, तर क्षार की पालाश हे डोळ्यांनी कळणार नाही. तिथे पहिल्यांदा तपासणीला अर्थ येतो. आणि त्या वेळीही सगळं पॅकेज लागत नाही. सुरुवात बोअरच्या पाण्यापासून करता येते, कारण पाणी हेच क्षारांचं नेहमीचं दार आहे आणि नमुना घ्यायला सगळ्यात सोपा. पाण्याने उत्तर दिलं नाही तर मग देठ.

तिसरा खर्डा, जो आजही त्या लेखाखाली आहे:

> उद्या बागेत गेलात की दोन गोष्टी बघा. करपलेली पानं फक्त खालची, जुनी आहेत, की शेंड्याकडची कोवळीही आहेत? आणि करपणं हळूहळू वाढत गेलं, की एखाद्या फवारणीनंतर एकदम दिसलं? एकदम आणि सगळीकडे दिसलं असेल, तर त्या फवारणीत काय-काय एकत्र केलं होतं ते आठवून लिहून ठेवा. तपासणीवर पैसे घालू नका. हळूहळू आणि जुन्या पानांवर असेल, तर नुसतं बघून क्षार की पालाश हे सांगता येत नाही. अशा वेळी जुन्या आणि कोवळ्या पानाचा एकेक फोटो आणि ‘पाणी बोअरचं की विहिरीचं’ एवढं व्हॉट्सॲपवर कळवा. आधी कोणती एक तपासणी करावी, ते आम्ही सांगू.

लांब आहे, मला मान्य. चार ओळींचं आवाहन असावं असा नियम असेल तर हे बसत नाही. पण पहिल्या पायरीवरच्या वाचकाला आवाहनातही थोडं काम करून द्यावं लागतं, कारण त्याला अजून प्रश्नच नीट विचारता येत नसतो. आणि ‘तपासणीवर पैसे घालू नका’ हे वाक्य अण्णांना रात्रभर डाचलं. सकाळी त्यांचा फोन आला, “राहू द्या. चटक्याची पानं घेऊन येणारा माणूस मागाहून आपल्यालाच शिव्या घालतो.”

व्हॉट्सॲपच्या दुव्यातलं तयार वाक्यही बदललं. आधी तिथे ‘मला पॅकेजची माहिती हवी’ होतं. वाचक मनात करपलेली पानं घेऊन बोट लावतो आणि चॅटमध्ये स्वतःच्या नावावर पॅकेज मागणारं वाक्य बघतो. तो ते पाठवणार नाही, पुसणारही नाही, मागे फिरेल. वर दिलेल्या दुव्यातलं ‘पाने करपली, फोटो पाठवतो’ हे त्याचं स्वतःचं वाक्य आहे.

सगळीकडे मऊ लिहिणं हाही बिघाडच

हे जमल्यावर मी उत्साहात दुसरी चूक केली. प्रयोगशाळेच्या सगळ्या लेखांचे शेवट असेच समजुतीचे करून टाकले. त्यात एक पान होतं देठ तपासणीचे दर, नमुना कुठे द्यायचा आणि अहवाल किती दिवसांत मिळतो, याबद्दलचं. त्याखालीही ‘तुमच्या बागेचं निरीक्षण करा, प्रश्न असतील तर कळवा’ असा शेवट.

दराचं पान शोधून आलेला माणूस निर्णय घेऊन आलेला असतो. गोडी छाटणी झालीय, फुलोरा तोंडावर आहे, देठाचा नमुना फुलोऱ्यातच घ्यायचा असतो हे त्याला माहीत आहे, आणि त्याच्या हातात मोजके दिवस आहेत. त्याला निरीक्षण करायला सांगणं म्हणजे पाण्याची बाटली घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला पाण्याचं महत्त्व समजावणं. त्याला हवं असतं: किती पैसे, कुठे आणि किती वाजेपर्यंत द्यायचं, नमुना कसा आणायचा. त्या पानाचा शेवट आता असा आहे:

> नमुना घडासमोरच्या पानाचा घ्या. पान लगेच खुडून टाका, नुसता देठ कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नको. पिशवीवर नाव, गाव, द्राक्षाची जात आणि छाटणीची तारीख लिहा. दुपारच्या आत दिलेला नमुना त्याच दिवशी नोंदला जातो. येण्याआधी फोन केलात तर जागा राखून ठेवतो.

इथे फोन नंबर ठळक हवा, आणि ‘आजच’ शब्दालाही हरकत नाही, कारण फुलोऱ्याची घाई खरी आहे. घाईची तारीख वेलीनं ठरवली असेल तर ती सांगावी; आपल्या ऑफरने ठरवली असेल तर वाचकाला लगेच वास येतो.

मधल्या पायरीचं एक उदाहरण पटकन सांगते. ‘माती तपासावी की देठ’ या लेखाचा वाचक उपायांची तुलना करत असतो. त्याला पानं बघायला सांगून उपयोग नाही, बुकिंग मागून तर नाहीच. त्याला निवड करायला मदत लागते. तिथे आम्ही शेवटी एका जुन्या अहवालाचा नमुना ठेवला, बागायतदाराचं नाव-गाव काढून, आणि लिहिलं: ‘असा अहवाल हातात आला तर खताच्या वेळापत्रकात काय बदललं असतं, ते स्वतःच्या बागेसाठी ताडून बघा.’ अहवाल बघितल्यावर कळतं की मातीचा अहवाल जमिनीत काय आहे ते सांगतो आणि देठाचा अहवाल वेलीनं प्रत्यक्ष किती उचललं ते सांगतो. दोन्हींचं काम वेगळं आहे हे दिसलं की तुलना आपोआप संपते.

हे फक्त शेतीपुरतं आहे असं वाटू नये म्हणून एक वेगळं उदाहरण. येवल्याच्या एका पैठणी विक्रेत्यासाठी ‘हातमागाची पैठणी कशी ओळखायची’ असा लेख लिहिला होता. शेवट ठरलेला: ‘अस्सल पैठणीसाठी आजच भेट द्या.’ ओळखायला शिकणाऱ्या बाईच्या घरात बहुतेक एक पैठणी आधीच असते, आईची नाहीतर सासूची. म्हणून शेवट असा केला: ‘कपाटातली पैठणी काढा आणि पदर उलटा करून बघा. हातमागाच्या विणीत उलटी बाजूही जवळपास सुलटीसारखीच दिसते. यंत्रावरच्या पदराला मागे मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. शंका वाटली तर दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा.’ तपासायला दुकानात जावं लागत नाही, आणि ज्या बाईनं एकदा पदर उलटून बघितला ती पुढच्या खरेदीला तेच करणार.

एकाच लेखावर दोन पायऱ्यांचे वाचक आले तर

येतातच. पानं करपलेल्या लेखावरही अधूनमधून असा एखादा येतो ज्याला थेट पाणी तपासायचं असतं. त्याच्यासाठी मी आवाहनानंतर एक लहान ओळ ठेवते: ‘पाण्याचा नमुना द्यायचाच आहे? बोअर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग भरा. दर आणि पत्ता इथे.’ हिला ना बटण, ना रंग. तयार माणूस साधा दुवाही शोधून काढतो. दोन सारख्याच मोठ्या बटणांपुढे मात्र पहिल्या पायरीवरचा वाचक गोंधळतो आणि काहीच दाबत नाही. मोठं आवाहन कुणासाठी ठेवायचं ते सर्च कन्सोलची यादी ठरवते, मालकांची इच्छा नाही.

सुधारलं की नाही, हे कशावरून ओळखायचं

बुकिंग मोजून लगेच कळत नाही. पहिल्या पायरीच्या लेखाचं काम वाचकाला एक पायरी वर नेणं एवढंच आहे, म्हणून त्या पायरीची खूण मोजा. आमच्याकडे ती खूण म्हणजे फोटोसह आलेला संदेश. अण्णांच्या मुलीने एक साधी वही केली: तारीख, कोणत्या लेखावरून, फोटो होता का, पुढे नमुना आला का. लेख कोणता ते तयार वाक्यावरून कळतं, म्हणून प्रत्येक लेखाच्या दुव्यात वाक्य थोडं वेगळं ठेवा. एवढ्याशा साइटवर आठवड्याचे आकडे बघून काही ठरवू नका. दोन संदेशांचे चार झाले म्हणजे दुप्पट झाले असं म्हणता येतं, पण त्याला अर्थ नसतो. द्राक्षात तर छाटणीपासून छाटणीपर्यंतचा काळ बघावा लागतो, कारण मेमधला वाचक ऑक्टोबरमधल्या वाचकापेक्षा वेगळं दुखणं घेऊन येतो.

आकड्यांपेक्षा संदेशांची भाषा जास्त सांगते. ‘रेट काय’ एवढाच संदेश वारंवार आला, तर एकतर लेखावर तयार लोक येतायत किंवा आवाहनात कुठेतरी अजून पावतीपुस्तक डोकावतंय. ‘काका, खालची पानं जास्त आहेत, पाणी बोअरचं आहे’ असे संदेश यायला लागले, की वाचकाने आवाहनातली दोन्ही कामं केली असं समजा.

आणि दोन प्रकारच्या अपयशांना ही दुरुस्ती लागू नाही. लेखात प्रश्नाचं उत्तरच नसेल, नुसती प्रस्तावना आणि ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ असेल, तर कोणतंही आवाहन चालणार नाही. दर बाजारापेक्षा फार जास्त असेल किंवा अहवाल तीन आठवड्यांनी मिळत असेल, तर तेही शेवटच्या ओळीचं दुखणं नाही.

एक शेवटचा बिघाड, जो लेखात दिसत नाही

नवं आवाहन लागल्यावर संदेश यायला लागले, फोटो यायला लागले, पण नमुने वाढेनात. पंधरा दिवस मी पुन्हा मजकूरच चाळत बसले. मग एका संध्याकाळी प्रयोगशाळेत गेले आणि मुलीकडून फोन घेऊन चॅट वाचले.

प्रत्येक संदेशाला एक आपोआप जाणारं उत्तर होतं, कुणीतरी पूर्वी कधीतरी लावून ठेवलेलं: ‘संपर्कासाठी धन्यवाद! आमचे दरपत्रक सोबत जोडले आहे,’ आणि खाली रंगीत दरपत्रक. त्यात पहिल्याच ओळीला संपूर्ण पॅकेज. माणूस रात्री दोन पानांचे फोटो पाठवतो, आणि क्षणात त्याच्या हातात दरपत्रक पडतं. पुढे कुणी काही बोलत नव्हतं.

ते उत्तर बदललं. आता फोटो आला की असं जातं: ‘फोटो मिळाले. सकाळी दहानंतर बघून सांगतो. तोवर एवढं कळवा: बागेत करपणं एका कोपऱ्यात आहे की सगळीकडे, आणि पाणी कधी तपासलं होतं का?’ दरपत्रक काढून टाकलं. कुणी दर विचारला तरच द्यायचं, आणि तेही सुचवलेल्या एका तपासणीचा.

सकाळी दहाला ते फोटो बघायचं काम आता अण्णा स्वतः करतात, चहाच्या आधी.